सिलिंडरच्या पट्टीवरचा A, B, C, D कसा वाचायचा

गॅसवाला दारात सिलिंडर ठेवतो, पावतीवर सही घेतो, रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकतो आणि जिना उतरायला लागतो. या सगळ्याला दीड मिनिट लागतं. सिलिंडरची पुढची चाचणी कधीपर्यंत व्हायला हवी हे सांगणारा त्यावरचा कोड बघायचा असेल तर तो याच दीड मिनिटात बघायचा असतो, कारण गॅसवाला गाडीवर बसून गेला की तुमच्या हातात फक्त फोन उरतो. काय बघायचं आणि कुठे, हे आधीच माहीत असेल तर दहा सेकंदं पुरतात. माहीत नसेल तर माणूस सिलिंडरभोवती गोल फिरत राहतो आणि शेवटी "असू दे, चांगलाच असेल" म्हणून सोडून देतो. मीही बरीच वर्षं सोडूनच देत होते. माझे मामा सिलिंडर भरण्याच्या प्लांटमध्ये नोकरीला होते. त्यांनी एकदा आमच्या स्वयंपाकघरात, चहा होईपर्यंतच्या वेळात, हे वाचायला शिकवलं. पुढचं बरंचसं त्यांचंच आहे.

आधी जागा शोधा

सिलिंडर उचलायला आपण ज्या गोल कड्याला हात घालतो, ते कडं मुळात उचलण्यासाठी नसून वरच्या व्हॉल्व्हला मार बसू नये म्हणून असतं. ते कडं आणि सिलिंडरचं अंग यांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरला अशा तीन पट्ट्या असतात. तुम्हाला हवा असलेला कोड यांपैकी एका पट्टीवर असतो, आणि बहुतेक वेळा पट्टीच्या आतल्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्हकडे तोंड करून. नवखा माणूस इथेच फसतो. तो बाहेरून सगळीकडे बघतो, त्याला कंपनीचं नाव दिसतं, वजन दिसतं, पण कोड सापडत नाही.

तेव्हा सिलिंडर उभाच ठेवा. आडवा करू नका, कलंडवूही नका. मोबाइलचा टॉर्च लावा, कड्याच्या वरून आत डोकवा आणि तिन्ही पट्ट्यांची आतली बाजू एकामागून एक बघा. एका पट्टीवर रंगाने काढलेलं मोठं इंग्रजी अक्षर आणि त्याच्यापुढे दोन आकडे दिसतील, उदाहरणार्थ `B-28`. मधली रेघ कधी असते, कधी नसते, कधी टिंब असतं. तिला काही अर्थ नाही.

हा आकडा तोच आहे ना?

त्या तीन पट्ट्यांवर बरेच आकडे असतात आणि त्यांतला नेमका चुकीचा उचलणं फार सोपं आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा घाबऱ्या आवाजात हाक मारली होती, की सिलिंडरची मुदत २०१५ मध्येच संपलीय. जाऊन पाहिलं तर त्या `15.9` वाचत होत्या. ते रिकाम्या सिलिंडरचं वजन होतं, पंधरा किलो नऊशे ग्रॅम.

म्हणून आकडे वेगळे करायला शिका. दशांश चिन्ह असलेला आकडा हा वजनाचा. पंधरा-सोळाच्या आसपासचा असेल तर ते रिकाम्या सिलिंडरचं वजन, आणि `14.2` म्हणजे आतल्या गॅसचं. लांबलचक, पाच-सहा किंवा त्याहून जास्त आकड्यांची ओळ असेल तर तो त्या सिलिंडरचा अनुक्रमांक. `IS 3196` असं काही दिसलं तर ते भारतीय मानकाचं नाव आहे, ज्यानुसार सिलिंडरचं अंग बनवलंय. तिथला ३१९६ कुठल्याही तारखेशी संबंधित नाही. महिना आणि वर्ष पंच मारून पत्र्यात उमटवलेलं असेल तर ती सिलिंडर बनल्याची किंवा आधीच्या चाचणीची तारीख. ती भूतकाळातलीच असणार, तिला बघून दचकायचं कारण नाही.

चाचणीच्या मुदतीचा कोड यांच्यापेक्षा वेगळा दिसतो. त्यात एकच अक्षर असतं, तेही A, B, C, D यांपैकीच, आणि त्याला लागून वर्षाचे शेवटचे दोन आकडे. E किंवा त्यापुढचं अक्षर यात येतच नाही. तसं काही दिसलं तर तुम्ही दुसरंच काही वाचताय.

रंग उडालेला असला की अक्षरं फसवतात. अर्धवट पुसलेला B हा 8 सारखा दिसतो, D शून्यासारखा, आणि डावीकडची रेघ गेलेला D बघताना तो C उलटा आहे की काय असं वाटतं. अशा वेळी बोट फिरवून बघा. जिथे कोड पत्र्यात ठोकलेला असतो तिथे रंग गेला तरी खाच बोटाला लागते. नुसता रंगाचा असेल आणि तो वाचताच येत नसेल, तर अंदाज बांधू नका. न वाचता येणारा कोड आणि उलटून गेलेला कोड यांत दारात उभ्या असलेल्या तुमच्या दृष्टीने काही फरक नाही. दोन्ही वेळा दुसरा सिलिंडर मागायचा.

अक्षराचा अर्थ

अक्षर सांगतं वर्षाची कुठली तिमाही, आकडे सांगतात कुठलं वर्ष.

A – जानेवारी ते मार्च
B – एप्रिल ते जून
C – जुलै ते सप्टेंबर
D – ऑक्टोबर ते डिसेंबर

मुदत त्या तिमाहीच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते. म्हणजे `B-28` हा सिलिंडर ३० जून २०२८ पर्यंत चालतो, त्याच्या आत त्याची चाचणी व्हायला हवी. `D-27` म्हणजे ३१ डिसेंबर २०२७.

हे चार ओळींत संपतं, पण माझ्या माहितीतले शिकलेसवरलेले लोक इथेच चुकतात. आपल्याकडे ऑफिसात, बँकेत, हिशेबात वर्ष एप्रिलला सुरू होतं. पहिली तिमाही म्हटलं की डोक्यात एप्रिल ते जून येतं. माझे दीर अकाउंट्समध्ये आहेत. त्यांनी `A-25` बघून ठामपणे सांगितलं होतं की हा जून २०२५ पर्यंत चालेल. सिलिंडरवरचं वर्ष मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरचं आहे, जानेवारीत सुरू होणारं. म्हणजे त्या सिलिंडरची मुदत ३१ मार्चलाच संपली होती, आणि यांच्या हिशेबाने त्याला आणखी तीन महिने मिळाले. ही चूक नेहमी धोक्याच्या बाजूलाच होते. आर्थिक वर्षाने मोजलं तर A, B आणि C या तिन्ही अक्षरांना फुकटचे तीन-तीन महिने जोडले जातात. आणि D? तो तर थेट पुढच्या वर्षाच्या मार्चमध्ये जाऊन पडतो. म्हणून मामांनी एक सोपी खूण सांगितली होती: A ला संक्रांत, D ला नाताळ. तेवढं लक्षात राहिलं की मधले दोन आपोआप जागेवर बसतात.

ही तारीख मागची की पुढची?

दुसरा गोंधळ म्हणजे लोक हा कोड सिलिंडर बनल्याची तारीख समजतात. `C-29` बघून "अरे, हे वर्ष तर अजून यायचंय, म्हणजे छापताना चुकलंय" असं म्हणणारेही भेटलेत. कोड कायम पुढचा असतो. पुढची चाचणी कधीपर्यंत व्हायला हवी, एवढंच तो सांगतो.

नवा सिलिंडर बनल्यावर पहिली चाचणी दहा वर्षांनी होते. त्यानंतर दर पाच वर्षांनी. हे दोन आकडे लक्षात ठेवले की कोड खरा वाटतो की नाही हे तुम्ही स्वतः ताडून बघू शकता, आणि मला या सगळ्या प्रकारात हाच भाग सर्वांत आवडतो.

समजा आज २०२६ चाललंय आणि तुमच्या समोरच्या सिलिंडरवर `C-29` आहे. पट्टीवर ठोकलेलं बनल्याचं वर्ष २००९ दिसतंय. २००९ मध्ये बनला, २०१९ मध्ये पहिली चाचणी, २०२४ मध्ये दुसरी, आता तिसरी २०२९ मध्ये. बरोबर जुळलं. सिलिंडर सतरा वर्षांचा आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. त्याला बाहेर काढून दोनदा तपासलंय आणि पुन्हा रंगवून पाठवलंय.

दुसरा सिलिंडर घ्या. कोड `B-34`. २०२६ पासून आठ वर्षं पुढचा. पाच वर्षांपेक्षा जास्त पुढची तारीख फक्त नव्या सिलिंडरला मिळू शकते, कारण दहा वर्षांची मुदत फक्त पहिल्या वेळी असते. म्हणजे हा २०२४ च्या आसपास बनलेला हवा. ठोकलेलं वर्ष २०२४ असेल तर ठीक. ते २०११ असेल आणि कोड `B-34` असेल, तर काहीतरी गडबड आहे. एक तर तुम्ही वाचण्यात चुकलाय, 24 किंवा 29 ला 34 समजलाय, किंवा कुणीतरी आकडा नव्याने रंगवलाय. आणि दहा वर्षांपेक्षाही पुढचा कोड दिसला तर हिशेब करायचीही गरज नाही. तो खरा असूच शकत नाही.

मात्र उलट बाजूने घाई करू नका. वर्षं नेमकी पाचाच्या पाढ्यात बसत नाहीत म्हणजे सिलिंडर खोटा, असं नसतं. एखादा सिलिंडर कुणाच्या तरी घरी किंवा गोदामात वर्षभर रिकामा पडून राहतो, मुदत उलटल्यावर प्लांटला परत येतो आणि तेव्हा त्याची चाचणी होते. मग पुढची पाच वर्षं त्या दिवसापासून मोजली जातात. एक-दोन वर्षांचा असा सांधा निखळलेला दिसला तर चालतं. पाचाहून जास्त पुढची तारीख जुन्या सिलिंडरवर दिसली तर मात्र चालत नाही.

चाचणीत होतं काय

"गॅसला कसली आलीय एक्सपायरी, ताई?" असं गॅसवाला म्हणतो, तेव्हा तो अर्धा बरोबर असतो. आतला गॅस नासत नाही, दुधासारखी त्याला तारीख नसते. तारीख असते ती पत्र्याच्या अंगाला. सिलिंडर गाडीतून फेकला जातो, फरशीवर घरंगळवला जातो, ओल्या मोरीच्या कडेला उभा राहतो. खालचं कडं गंजतं, तळाशी पाणी साचून पत्रा आतून-बाहेरून झिजतो, कुठे पोचा पडतो. हे सगळं बाहेरच्या लाल रंगाखाली दडलेलं असतं.

मुदत जवळ आलेला सिलिंडर प्लांटवर भरायच्या रांगेत न जाता बाजूला काढला जातो. मामा सांगायचे, पट्ट्यावरून सिलिंडर एकामागून एक सरकत येतात आणि एक माणूस फक्त हा कोड वाचायला उभा असतो. ज्याची तिमाही आलेली आहे तो बाहेर. मग त्यातला उरलासुरला गॅस काढतात, व्हॉल्व्ह खोलतात, अंग आतून-बाहेरून बघतात. गंज किंवा पोचा मर्यादेबाहेर असेल तर तो सिलिंडर तिथेच बाद होतो आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून कापला किंवा चेपला जातो. जो टिकतो त्याच्यात पूर्ण पाणी भरतात आणि पंपाने दाब वाढवत नेतात, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलोपर्यंत. घरात वापरताना आत साधारण पाच ते सात किलोचा दाब असतो, उन्हाळ्यात थोडा जास्त. दुचाकीच्या टायरमध्ये दोन-अडीच असतो. यावरून पंचवीसचा अंदाज येईल. त्या दाबाखाली सिलिंडर काही वेळ ठेवून बघतात की जोडाच्या वेल्डिंगमधून थेंब येतो का, अंग कुठे फुगतं का.

हवेऐवजी पाणी का, हा प्रश्न मी विचारला होता. पाणी जवळजवळ दबतच नाही. पत्रा फाटलाच तर थोडं पाणी उडतं आणि दाब लगेच शून्यावर येतो. तेवढ्याच दाबाची हवा भरली असती आणि पत्रा फाटला असता तर दबलेली सगळी हवा एकदम उसळली असती आणि सिलिंडरचा बाँब झाला असता. मग पाणी काढून, सुकवून, रंग देऊन, व्हॉल्व्ह बसवून आणि पुन्हा गळती तपासून नवा कोड पट्टीवर येतो. तुम्हाला दारात दिसणारं ते अक्षर म्हणजे या सगळ्या उठाठेवीची पावती.

हे नियम गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये आहेत आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. नियमाचा रोख भरण्यावर आहे: चाचणीची मुदत उलटलेला सिलिंडर भरायचाच नाही. म्हणून मुदत संपलेला भरलेला सिलिंडर तुमच्या दारात आला तर चूक तुमच्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीच, त्या पट्ट्यावर झालेली असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ३१ मार्चच्या मध्यरात्री सिलिंडर फुटत नाही. कोड म्हणजे बाँबची वात नाही. पंचविसाच्या दाबाची चाचणी पाच वर्षं पुरेल असा त्यामागचा हिशेब आहे, आणि त्या पाच वर्षांनंतर पत्र्याची हमी द्यायला कुणी तयार नाही, एवढाच तिचा अर्थ. घाबरून रात्री-बेरात्री पेटता गॅस बंद करून सिलिंडर अंगणात ओढत नेण्याची गरज नाही. पण म्हणून तसाच घ्यावा, असंही नाही.

एक सिलिंडर, दारात

१२ मार्च २०२६. सिलिंडर आलाय, टॉर्च लावलाय, कोड दिसतोय `A-26`. A म्हणजे मार्चअखेर, म्हणजे ३१ मार्च २०२६. आजपासून एकोणीस दिवस बाकी. कागदावर सिलिंडर मुदतीत आहे, प्लांटनेही कदाचित नियमात बसवूनच भरलाय.

आता तुमचा स्वतःचा आकडा घाला. तुमच्या घरी सिलिंडर किती दिवस जातो? माझ्याकडे चार माणसांत चाळीस दिवस. १२ मार्चला लावला तर तो २१ एप्रिलला संपेल, म्हणजे शेवटचे तीन आठवडे तो मुदतीबाहेर चालेल. मी हा परत करते. "दादा, याची मार्चमध्येच संपतेय, माझ्याकडे दीड महिना जातो. गाडीवर दुसरा असेल तर तो द्या ना." असं सांगितलं की बहुतेक वेळा गाडीतून दुसरा निघतो. भांडायचं काही नसतं. तो सिलिंडर हॉटेलवाल्या किंवा दोन आठवड्यांत संपवणाऱ्या घरी गेला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, अशी मनाची समजूत काढता येईल. पण हॉटेलात घरगुती सिलिंडर चालत नाही, हा वेगळा विषय.

घरात दोन सिलिंडर असतील तर हिशेब बदलतो, आणि तो लोक करत नाहीत. नवा आलेला सिलिंडर आपण लगेच लावत नाही, तो राखीव म्हणून कोपऱ्यात उभा राहतो. आधी चालू असलेला संपेपर्यंत महिना, मग हा चाळीस दिवस. म्हणजे दारात आलेल्या सिलिंडरला तुमच्या घरात अडीच महिने काढायचेत. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे एक सिलिंडर चार-चार महिने चालतो, आणि मग राखीव धरून आठ महिने सहज होतात. त्याने चालू तिमाहीचाच काय, पुढच्या तिमाहीचा कोडही नाकारावा असं माझं मत आहे. तेवढी मुदत त्याला पुरणारच नाही. गावी बंद घर असेल आणि तिथे सणासुदीपुरता गॅस लागत असेल, तर तिथल्या सिलिंडरवरचा कोड आत्ताच जाऊन बघा. माझ्या सासूबाईंच्या गावच्या घरी मी असाच एक सिलिंडर पाहिला, भरलेला, जवळजवळ अडीच वर्षं मुदत उलटून गेलेला. आणताना तो अगदी चोख होता.

मुदत उलटलेला सिलिंडर दिसला तर

सील तोडायच्या आधी दिसला तर काम सोपं आहे. सील तोडू नका, टोपी काढू नका, तसाच परत करा आणि दुसरा मागा. कोडचा फोटो काढून ठेवा, फोटोत अनुक्रमांकही येऊ द्या. दुसरा गाडीवर नसेल तर एजन्सीला फोन करून सांगा आणि बदलून मिळेपर्यंत रिकामा सिलिंडर हातचा सोडू नका. एकदा आमच्याकडे एका एजन्सीच्या माणसाने "उद्या आणून देतो" म्हणत रिकामा नेला आणि पुढचे चार दिवस आम्ही इंडक्शनवर काढले. तेव्हापासून मी रिकाम्याच्या बदल्यातच भरलेला घेते.

घरात आधीच असलेला, भरलेला पण वापरात नसलेला सिलिंडर मुदतीबाहेरचा निघाला तर त्याची सुरक्षा टोपी दोरीसकट घट्ट बसवलेली आहे ना ते बघा, उभा आणि हवेशीर जागी ठेवा आणि एजन्सीकडून बदलून मागा. तो चुलीला जोडू नका. आणि रिकामा सिलिंडर मुदतीबाहेरचा असेल तर तुम्हाला काहीच करायचं नाही. पुढच्या वेळी नेहमीसारखा देऊन टाका, तो प्लांटवर आपसूक बाजूला निघतो. सिलिंडर तुमच्या मालकीचा नसतोच, आपण अनामत रक्कम भरून तो वापरतो. तुम्ही दिलेला सिलिंडर भरून तुमच्याकडेच परत येतो असंही नाही. दर वेळी दुसरा येतो, आणि म्हणून दर वेळी नव्याने बघावं लागतं.

कोड काय सांगत नाही

`C-30` बघून निर्धास्त होणं ही तिसरी चूक. कोड पत्र्याच्या अंगाबद्दल बोलतो. स्वयंपाकघरात गॅस गळतो तो बहुतेक वेळा अंगातून नाही, तर व्हॉल्व्हच्या तोंडातून. त्या तोंडात आत एक लहान रबरी रिंग असते, तिला बरेचजण वायसरच म्हणतात. ती फाटलेली, चपटी झालेली किंवा जागेवर नसेल तर कालच चाचणी झालेला सिलिंडरही रेग्युलेटर लावताच फसफसतो. तेव्हा कोड बघून झाला की गॅसवाल्यालाच टोपी काढून गळती तपासून दाखवायला सांगा. व्हॉल्व्हच्या तोंडावर थोडं पाणी टाकलं आणि बुडबुडे आले तर सिलिंडर परत. सगळं ठीक असेल तर तो रेग्युलेटर लावेपर्यंत थांबा आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. काडी पेटवून गळती बघणारे महाभाग अजूनही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

रबरी नळीचीही स्वतःची तारीख असते आणि ती नळीवरच छापलेली असते. तिचा सिलिंडरच्या कोडशी काही संबंध नाही. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, मग ती वरून कितीही नवी दिसो. वजनही कोड सांगत नाही. ते बघायचं तर गॅसवाल्याकडच्या काट्यावर सिलिंडर लटकवायचा आणि आलेल्या आकड्यातून पट्टीवरचं रिकामं वजन वजा करायचं. काकूंच्या त्या `15.9` ला `14.2` मिळवले की तीस किलो शंभर ग्रॅम होतात, काट्याने तेवढे दाखवायला हवेत.

गळतीचा वास येत असेल तर हे कुठलंच वाचन करत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. तो गॅसगळतीच्या तक्रारीसाठीचा क्रमांक आहे.

मी आता एवढंच करते: सिलिंडर आत आला की स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात कोड लिहिते, `B-28` असा जसाच्या तसा. पुढे कधी दुसऱ्या सिलिंडरचा नंबर लावायला फोन हातात घेतला की नजर आपोआप तिथे जाते. मागच्या महिन्यात लेकीने त्याच चौकोनात दुधाचा हिशेब लिहून ठेवला होता. टॉर्च घेऊन पुन्हा कड्यात डोकवावं लागलं.